आयफोनवर अ‍ॅप ऑफलोड करणं आणि डिलीट करणं: काय राहतं, काय जातं

## दोन्हींत नेमका फरक काय?

फोनवरच्या प्रत्येक अ‍ॅपचे दोन भाग असतात. पहिला म्हणजे अ‍ॅप स्वतः, जे अ‍ॅप स्टोअरवरून आलं आणि कधीही तिथून पुन्हा आणता येतं. दुसरा म्हणजे ते वापरताना त्यात साठलेला तुमचा माल: चॅट, सेव्ह केलेल्या फायली, गेममधली प्रगती, सेटिंग्ज, लॉगिन.

ऑफलोड केलं की फक्त पहिला भाग जातो आणि दुसरा फोनमध्येच राहतो. होम स्क्रीनवर अ‍ॅपचं चित्रही जिथल्या तिथे असतं, नावाशेजारी खाली बाण असलेला छोटा ढग तेवढा दिसू लागतो. त्यावर टॅप केलं की अ‍ॅप पुन्हा डाउनलोड होतं आणि जुना डेटा त्याला येऊन मिळतो. डिलीट केलं की दोन्ही भाग जातात. डिलीट केलेलं अ‍ॅप पुन्हा आणलं तर ते कोरं येतं, मग त्यातलं काही परत मिळेल की नाही हे त्या अ‍ॅपने तुमचा डेटा फोनबाहेर कुठे ठेवला होता की नव्हता यावर ठरतं.

ही सोय २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत आली.

## ऑफलोडचं बटण आहे कुठे? होम स्क्रीनवर तर दिसत नाही.

तिथे ते नाहीच. होम स्क्रीनवर अ‍ॅप दाबून धरून Remove App निवडलं की दोन पर्याय येतात, Delete App आणि Remove from Home Screen. यातला दुसरा म्हणजे ऑफलोड नव्हे. त्याने फक्त चित्र होम स्क्रीनवरून हलतं. अ‍ॅप आणि डेटा दोन्ही फोनवरच राहतात, अ‍ॅप लायब्ररीत सापडतात आणि जागा एक एमबीही मोकळी होत नाही. ‘अ‍ॅप काढलं तरी स्टोरेज तेवढंच’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

ऑफलोडसाठी Settings > General > iPhone Storage इथे जा. यादी भरायला कधी कधी अर्धा-एक मिनिट लागतो, तेवढं थांबा. अ‍ॅपच्या नावावर टॅप केलं की वर App Size आणि Documents & Data असे दोन आकडे दिसतात आणि खाली Offload App व Delete App ही बटणं. ऑफलोड झालेल्या अ‍ॅपच्या पानावर त्याच जागी Reinstall App येतं.

## ऑफलोड केल्यावर किती जागा सुटेल?

वर सांगितलेल्या दोन आकड्यांपैकी App Size इतकीच. बटण दाबण्याआधी हे दोन आकडे बघायची सवय लावली तर निम्मे घोटाळे टळतात.

एक उदाहरण घेऊ. ६४ जीबीचा फोन आहे, आयओएसचं अपडेट घ्यायचंय आणि त्यासाठी ६ जीबी हवेत. यादीत सगळ्यात वर व्हॉट्सअ‍ॅप आहे, एकूण साधारण ११.५ जीबी. इतकं मोठं अ‍ॅप ऑफलोड केलं की काम झालं, असं वाटतं. आत बघितलं तर App Size सुमारे पाव जीबी आणि उरलेले सव्वा अकरा जीबी Documents & Data. ऑफलोड केल्यावर सुटणार तो पाव जीबी. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि अपडेटही अडकलेलंच राहिलं.

त्याच फोनवर व्हिडिओ एडिटिंगचं एखादं अ‍ॅप असेल, App Size दीड जीबी आणि Documents & Data ४० एमबी, तर ते ऑफलोडसाठी अगदी योग्य. वर्षातून दोनदा लागणारं, आकाराने जड, आत फारसं काही न साठवणारं. अशी चार अ‍ॅप्स काढली की अपडेटपुरती जागा होते. खुद्द आयओएससुद्धा अपडेटच्या वेळी जागा कमी पडली तर काही अ‍ॅप्स तात्पुरती काढून नंतर परत बसवण्याची परवानगी मागतं. ती द्यायला हरकत नाही, त्यात डेटा जात नाही.

गेमच्या बाबतीत मात्र फसगत होते. अनेक मोठे गेम अ‍ॅप स्टोअरवरून लहानच येतात आणि नकाशे, आवाज, ग्राफिक्स हे सगळं पहिल्यांदा उघडल्यावर आत डाउनलोड करतात. तो माल Documents & Data मध्ये मोजला जातो. दहा जीबीचा गेम ऑफलोड करून अर्धा जीबीच मोकळा झाला तर कारण हे असतं. ओटीटी अ‍ॅपमध्ये प्रवासासाठी उतरवून ठेवलेल्या सिनेमांचंही तसंच. ते अ‍ॅपच्या आत जाऊनच पुसायला हवेत.

## मग व्हॉट्सअ‍ॅपची जागा कशी मोकळी करायची? डिलीट करून परत घेतलं तर?

हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. बॅकअप न घेता डिलीट केलं तर चॅट गेले, कारण व्हॉट्सअ‍ॅप पोचलेले मेसेज आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही. ते तुमच्या फोनमध्येच असतात. बॅकअप घेऊन डिलीट केलं आणि परत आणलं, तर बॅकअपमधले फोटो-व्हिडिओ पुन्हा फोनवर उतरतात आणि काही तासांत स्टोरेज जवळपास पूर्वीइतकंच भरतं. एवढ्या खटाटोपातून मिळालं काय, तर फार थोडं.

खरा उपाय अ‍ॅपच्या आत आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings > Storage and Data > Manage Storage मध्ये ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या काढलेल्या दिसतात. त्याखाली प्रत्येक ग्रुपने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ आणि सोसायटीच्या ग्रुपमधल्या पीडीएफ इथे एकगठ्ठा सापडतात. निवडून पुसा. मेसेजचा मजकूर राहतो, जड फायली तेवढ्या जातात. ‘Save to Photos’ चालू असेल तर तेच फोटो Photos अ‍ॅपमध्येही दुसऱ्यांदा साठलेले असतात. ते तिथून वेगळे पुसावे लागतात आणि पुसल्यावरही Recently Deleted मध्ये साधारण ३० दिवस जागा अडवून बसतात.

तरीही डिलीट करायचंच असेल, अ‍ॅप वारंवार बंद पडतंय म्हणून म्हणा, तर क्रम असा ठेवा. आधी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings > Chats > Chat Backup उघडून शेवटचा बॅकअप कधीचा आणि किती मोठा आहे ते वाचा. Back Up Now दाबा आणि तारीख-वेळ आजची झालेली दिसेपर्यंत डिलीटला हात लावू नका. आयक्लाउडची फुकट जागा फक्त ५ जीबी असते. सव्वा अकरा जीबीचा बॅकअप त्यात बसणार नाही आणि अपुरा बॅकअप म्हणजे बॅकअप नाहीच. Include Videos बंद करून आकार कमी होतो, पण मग ते व्हिडिओ परत येणार नाहीत हे स्वीकारूनच पुढे जा. बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड किंवा ६४ अंकी की लावली असेल तर ती हाताशी आहे ना, हे आधी बघा. ती हरवली तर बॅकअप असूनही उघडत नाही. परत बसवताना तोच मोबाइल नंबर आणि तेच अ‍ॅपल खातं लागतं. नंबरची खातरजमा झाल्यावर चॅट परत आणायचे का असं एकदाच विचारलं जातं, तिथे घाईघाईत पुढे जाऊ नका.

टेलिग्रामचं उलट आहे. तिथे साधे चॅट कंपनीच्या सर्व्हरवर असतात, त्यामुळे डिलीट करून पुन्हा लॉगिन केलं की सगळं दिसतं. अपवाद सिक्रेट चॅटचा. ते त्या एका फोनपुरतेच असतात आणि डिलीटबरोबर संपतात. दोन्ही अ‍ॅप्सची कामं सारखी, डिलीटचा परिणाम मात्र अगदी वेगळा.

## व्हॉट्सअ‍ॅप ऑफलोड असताना आलेल्या मेसेजचं काय होतं?

न पोचलेले मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत थांबतात. त्याआधी अ‍ॅप परत आणलंत तर ते मिळतात, नंतर नाही. पाठवणाऱ्याला तोपर्यंत एकच टिक दिसत राहते. कॉल किंवा नोटिफिकेशन वेळेवर येईल या भरवशावर राहू नका. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप जोडलं असेल तर फोनवरचं अ‍ॅप १४ दिवसांहून जास्त काळ वापरलं नाही की ती जोडणीही तुटते. एकूण, रोज लागणारं मेसेजिंगचं अ‍ॅप ऑफलोड करण्याची वस्तू नव्हे.

## डिलीट करून पुन्हा घेतलेल्या अ‍ॅपने लॉगिन विचारलंच नाही. मग डेटा खरंच पुसला गेला होता का?

पुसला गेला होता, पण पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा अ‍ॅप्स बऱ्याचदा आपल्या पेटीत न ठेवता आयफोनच्या कीचेन नावाच्या वेगळ्या तिजोरीत ठेवतात. अ‍ॅप डिलीट झालं तरी तिजोरीतली नोंद सहसा राहते. म्हणून काही अ‍ॅप्स परत आल्यावर तुम्हाला ओळखतात आणि काही ओळखत नाहीत. यातून दोन गोष्टी निघतात. दुसऱ्याच्या फोनवर तुमचं खातं उघडलं असेल तर फक्त अ‍ॅप डिलीट करून निघू नका, आधी अ‍ॅपमधून लॉग आउट करा. आणि लॉगिन टिकलं म्हणून बाकीचा डेटाही टिकला असेल असं समजू नका.

## डिलीट केल्यावरही काय शिल्लक राहतं?

तुमचं खातं. अ‍ॅप काढणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे. ते अ‍ॅपमधून किंवा वेबसाइटवरून वेगळं करावं लागतं.

सबस्क्रिप्शन. ही पैशांची गोष्ट आहे म्हणून जरा ठासून सांगायला हवी. अ‍ॅप डिलीट करा, ऑफलोड करा, अ‍ॅपलमार्फत घेतलेली वर्गणी चालूच राहते आणि पुढच्या तारखेला पैसे कापले जातात. Settings मध्ये सगळ्यात वर तुमच्या नावावर टॅप करून Subscriptions मध्ये जा आणि तिथून रद्द करा.

आणि आयक्लाउडमध्ये गेलेला डेटा. अ‍ॅप तिथे काही ठेवत असेल तर फोनवरून काढल्यावरही ते आयक्लाउडच्या जागेत मोजलं जात राहतं. ते बघायला आणि पुसायला Settings मध्ये तुमचं नाव, मग iCloud आणि तिथलं स्टोरेजचं पान. उलट बाजूनेही जपा. इथून पुसलेला अ‍ॅपचा डेटा अ‍ॅप पुन्हा बसवून परत येत नाही.

## कोणती अ‍ॅप्स डिलीट करताना सगळ्यात जास्त नुकसान होतं?

ज्यांचा डेटा फक्त फोनवर असतो ती. यादी लांब होईल, पण तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पहिलं, Files अ‍ॅपमधलं On My iPhone. तिथे व्हिडिओ प्लेअर, पीडीएफ रीडर यांच्या नावाचे फोल्डर दिसतात आणि ते फोनचेच फोल्डर आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ते त्या त्या अ‍ॅपच्या पेटीतले असतात. व्हीएलसी डिलीट केलं की त्याच्या फोल्डरमध्ये टाकलेली लग्नाची चित्रफीतही गेली. आधी फाइल iCloud Drive मध्ये किंवा कॉम्प्युटरवर हलवा.

दुसरं, Voice Memos. हे अ‍ॅपलचं अ‍ॅपही डिलीट करता येतं आणि रेकॉर्डिंग आयक्लाउडशी जोडलेली नसतील तर त्याबरोबर जातात. गाण्याच्या शिकवणीचे, मुलाखतींचे तास इथेच साठलेले असतात. Contacts अ‍ॅप मात्र काढलं तरी नंबर जात नाहीत, ते Phone अ‍ॅपमध्ये दिसत राहतात.

तिसरं, दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारी अ‍ॅप्स. कोड खात्याशी सिंक केलेले नसतील तर डिलीट करण्याआधी अ‍ॅपमधून ते दुसऱ्या फोनवर एक्स्पोर्ट करून घ्या आणि तिथला कोड चालतोय हे एकदा लॉगिन करून तपासा. नाहीतर ईमेलपासून शेअर बाजाराच्या खात्यापर्यंत सगळ्याची दारं एकाच वेळी बंद होतात.

या तिन्ही बाबतींत ऑफलोड केलं तर डेटा सुरक्षित राहतो. पण त्यातून मिळणारी जागाही नगण्य, म्हणून ते सहसा करायचंच कारण नसतं.

## यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स काढली तर पुन्हा सगळं करावं लागतं का?

डिलीट केल्यास हो, मोबाइल नंबरची खातरजमा पुन्हा होते. त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये हवं, त्यातून एसएमएस बाहेर जायला हवा आणि प्रीपेड असेल तर तेवढा बॅलन्सही हवा. तुमचं बँक खातं, यूपीआय पिन आणि झालेले व्यवहार बँकेकडे असतात, त्यांना अ‍ॅप काढल्याने धक्का लागत नाही. नव्याने नोंदणी झाल्यावर सुरुवातीच्या काळात पैसे पाठवण्याची मर्यादा कमी असू शकते, म्हणून घरभाडं भरायच्या दिवशी हा प्रयोग नको.

दुबई, लंडन, न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी विशेष जपावं. भारतातलं सिम घरी ड्रॉवरमध्ये आणि बँकेचं अ‍ॅप डिलीट, अशी गाठ पडली तर सिम चालू होऊन त्यातून एसएमएस जाईपर्यंत काहीच करता येत नाही. जागा हवीच असेल तर अशी अ‍ॅप्स ऑफलोड करा. तरीही अ‍ॅप परत आल्यावर एखादी बँक सुरक्षेसाठी पुन्हा नोंदणी मागू शकते, तेव्हा हेही सिम हाताशी असतानाच केलेलं बरं.

## ऑफलोड केलेलं अ‍ॅप कधीच परत न येण्याची शक्यता आहे का?

आहे. ऑफलोड या वचनावर उभं आहे की अ‍ॅप अजून अ‍ॅप स्टोअरवर असेल. बटण दाबताना येणाऱ्या सूचनेत हे लिहिलेलंही असतं, पण ती वाचतो कोण. जून २०२० च्या अखेरीला भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि ती इथल्या स्टोअरवरून गेली. सप्टेंबरमध्ये पब्जी मोबाइलसह आणखी ११८ गेली. असं अ‍ॅप ऑफलोड केलेलं असेल तर ढगाच्या चिन्हावर कितीही टॅप करा, डाउनलोड होत नाही. डेटा फोनमध्ये जागा व्यापून बसलेला, पण तो उघडणारं अ‍ॅप नाही. लहान कंपनीने बंद केलेल्या डायरीच्या किंवा हिशेबाच्या अ‍ॅपचं हेच होतं. ज्या अ‍ॅपला बरीच वर्षं अपडेट आलेलं नाही, त्यातला मजकूर आधी बाहेर काढून घ्या, मगच ऑफलोड करा.

आणखी एक मुद्दा. परत येते ती स्टोअरवरची ताजी आवृत्ती, तुम्ही काढलेली जुनी नव्हे. फोन जुना असेल आणि ताज्या आवृत्तीला नवं आयओएस लागत असेल, तर स्टोअर शेवटची जुळणारी आवृत्ती देऊ करतं, पण ती ठेवलेली असेल तरच.

## मी काही केलं नाही तरी अ‍ॅपवर ढग आलाय. का?

Offload Unused Apps चालू आहे म्हणून. जागा कमी झाली की फोन बरेच दिवस न उघडलेली अ‍ॅप्स आपणहून ऑफलोड करतो. आयओएस १८ पासून हा स्विच Settings > Apps > App Store मध्ये आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत Settings > App Store मध्ये. ‘हे एक अ‍ॅप सोडून बाकीची काढ’ असं सांगायची सोय नाही, एकतर सगळ्यांसाठी चालू किंवा बंद.

आमचं मत, ६४ जीबीच्या फोनवर चालू ठेवा, पण वर्षातून एकदाच आणि नेमकं नेटवर्क नसलेल्या ठिकाणी लागणारं काही फोनवर असेल तर बंद. ट्रेकसाठी ऑफलाइन नकाशांचं अ‍ॅप ठेवलं होतं आणि हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर उघडायला गेलं तर त्यावर ढग, याला काही अर्थ नाही. नकाशे फोनमध्येच आहेत, ते दाखवणारं अ‍ॅप नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा उघडून बघा.

## ढगावर टॅप केलं, पण अ‍ॅप अर्ध्यावर अडकलं. काय बघावं?

आधी जागा. ५०० एमबीच्या अ‍ॅपला डाउनलोड होऊन उलगडायला त्याहून जास्त मोकळी जागा लागते. मग इंटरनेट: मोबाइल डेटावर २०० एमबीपेक्षा मोठ्या अ‍ॅपसाठी फोन विचारून थांबू शकतो. ही मर्यादा App Store च्या सेटिंग्जमधल्या App Downloads मध्ये बदलता येते. तेही ठीक असेल तर अ‍ॅपल खातं बघा. अ‍ॅप मूळ भावाच्या किंवा जुन्या खात्यावरून घेतलं असेल तर त्याच खात्याचा पासवर्ड मागितला जातो. ही अडचण कळेपर्यंत वैतागून Delete App दाबू नका, कारण मग इतका वेळ जपलेला डेटाही जाईल.

## अ‍ॅप बिघडलंय. ऑफलोड करून बघू की डिलीट?

आधी ऑफलोड आणि लगेच Reinstall App. अ‍ॅपची फाइल बिघडली असेल किंवा अपडेट अर्धवट बसलं असेल तर एवढ्यानेच सुटतं आणि डेटाला धक्का लागत नाही. परत आल्यावरही त्याच ठिकाणी बंद पडत असेल तर दोष साठलेल्या डेटात आहे, आणि तो डेटा ऑफलोडने जसाच्या तसा परत जोडला गेलाय. मग बॅकअप तपासून डिलीट. बॅकअप नसेल तर डिलीट करण्याआधी अ‍ॅपच्या नव्या अपडेटची थोडी वाट बघणं शहाणपणाचं, कारण बिघडलेला डेटाही कधी कधी नव्या आवृत्तीत उघडतो. पुसलेला उघडत नाही.

## फोन विकण्यापूर्वी अ‍ॅप्स एकेक करून डिलीट करू का?

नको, वेळ जाईल आणि कीचेनमधलं तरीही राहील. बॅकअप घ्या आणि Settings > General > Transfer or Reset iPhone मधून Erase All Content and Settings करा.